‘मिसेस सेन’ की ‘मिसेस सेन्स’ : एका गोषवाऱ्याचे तीन खर्डे

ज्या गोषवाऱ्याविषयी हे टिपण आहे तो झुंपा लाहिरी यांच्या ‘मिसेस सेन्स’ या इंग्रजी कथेवर आहे. तो तीनशे शब्दांच्याही आतला आहे आणि तो लिहून व्हायला पाच आठवडे लागले. आमच्या विभागात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तौलनिक साहित्याच्या दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी तो तयार केला. ‘स्थलांतर आणि आपलेपणा : डायस्पोरा कथेच्या संदर्भात’ हा विषय आयोजकांनीच ठरवलेला होता; डायस्पोरा म्हणजे मायदेश सोडून परदेशी वसलेला समाज. गोषवारा मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत चालणार होता. शब्दमर्यादा ३००, बीजशब्द पाच, निबंधवाचनाला पंधरा मिनिटे आणि प्रश्नोत्तरांना पाच. मी तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शन करतो, त्यामुळे तिन्ही खर्डे माझ्यासमोरच घडले. तिच्या संमतीने ते येथे मांडत आहे, कारण पहिल्या खर्ड्यात जे बिघडले होते ते मी गेली कित्येक वर्षे दर हंगामात पाहतो आहे, आणि ते दुरुस्त कसे झाले हे मात्र क्वचितच इतके स्पष्ट पाहायला मिळते.

पहिला खर्डा

पहिला खर्डा ४१२ शब्दांचा होता. त्याची सुरुवात अशी होती : “आजच्या जागतिकीकरणाच्या युगात स्थलांतर ही एक अपरिहार्य वस्तुस्थिती बनली आहे. मायदेश सोडून गेलेला माणूस दोन संस्कृतींच्या सीमारेषेवर उभा असतो. आपली मुळे, आपली ओळख आणि आपली अस्मिता यांच्या शोधात तो सतत भरकटत राहतो. डायस्पोरा कथाकारांनी या माणसाच्या मनाची घालमेल, स्मृतिकातरता आणि परकेपणा समर्थपणे चित्रित केला आहे.” यानंतर भारती मुखर्जी यांचा ‘द मिडलमन अँड अदर स्टोरीज’ (१९८८), चित्रा बॅनर्जी दिवाकरुनी यांचा ‘अरेंज्ड मॅरेज’ (१९९५) आणि झुंपा लाहिरी यांचा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलेडीज’ (१९९९) या तीन संग्रहांची नावे येत होती आणि शेवटचे वाक्य होते, “या दृष्टीने या कथांचा आजवर पुरेसा अभ्यास झालेला नाही.”

यात व्याकरणाची चूक नाही आणि एकही वाक्य खोटे म्हणावे असे नाही, शेवटचे सोडले तर. तरीही मी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली. लेखिकांची आणि संग्रहांची नावे हाताने झाकायची आणि उरलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला लावून पाहायचा. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या कामगाराच्या कथेला तो लागू पडला, फाळणीच्या कथांना लागू पडला, धरणात गाव बुडालेल्या माणसाच्या कथेलाही लागू पडला. जी वाक्ये इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी बसतात ती तिने पेन्सिलीने खोडायची असे ठरले. खोडून झाल्यावर तीन पुस्तकांची नावे तेवढी कागदावर उरली. म्हणजे गोषवाऱ्यात निबंधाचा विषय होता, पण निबंधाला जे म्हणायचे आहे ते कुठेच नव्हते. परीक्षक गोषवारा वाचताना हेच शोधत असतात : हा माणूस काय सिद्ध करू पाहतो आहे आणि ते चुकीचे ठरण्याची काही शक्यता आहे का. “डायस्पोरा कथाकारांनी परकेपणा चित्रित केला आहे” हे विधान चुकीचे ठरूच शकत नाही, म्हणून ते प्रतिपादनही नाही.

दुसरा दोष आवाक्याचा होता. मुखर्जी यांच्या संग्रहात अकरा कथा आहेत, दिवाकरुनी यांच्या संग्रहात अकरा, लाहिरी यांच्या संग्रहात नऊ. एकतीस कथा आणि पंधरा मिनिटे. एका कथेच्या वाट्याला अर्धे मिनिटसुद्धा येत नाही. हा हिशोब मांडल्यावर ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पण सर, एकाच कथेवर लिहिले तर निबंध लहान वाटेल ना?” ही भीती खरी आहे आणि ती केवळ विद्यार्थ्यांची नाही. आपल्याकडे निबंधाची भारदस्तता अजूनही पुस्तकांच्या संख्येवर मोजली जाते. परंतु ऐकणाऱ्याला पंधरा मिनिटांत एकतीस कथांची नुसती यादी मिळते, तर एका कथेचे वाचन मिळाले की तो ते घरी घेऊन जातो.

“पुरेसा अभ्यास झालेला नाही” या वाक्यावर फार वेळ घालवावा लागला नाही. लाहिरी यांच्या या संग्रहाला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून त्यावर सातत्याने लिहिले गेले आहे. एकट्या त्या संग्रहाच्या रचनेवर, म्हणजे सुट्या कथा मिळून एक कथाचक्र कसे होते यावर, नोएल ब्रॅडा-विल्यम्स यांचा लेख २००४ सालीच ‘मेलस’ या नियतकालिकात आलेला आहे. आपण वाचलेले नाही याचा अर्थ कोणी लिहिलेले नाही असा होत नाही. जो परीक्षक या विषयातला असतो त्याच्या हातून गोषवारा अशाच एका वाक्यावर बाजूला पडतो. तिने ते वाक्य काढून टाकले आणि त्याच्या जागी, आधीचे वाचन काय आहे आणि आपण त्यात कुठे वेगळे वळतो, असे लिहायचे ठरवले. ते लिहायला मात्र आधी वेगळे वळावे लागणार होते.

‘आपलेपणा’ या शब्दाची अडचण

पहिल्या खर्ड्यात मुळे, ओळख, अस्मिता, नाळ, आपुलकी हे शब्द एकमेकांच्या जागी फिरत होते. मराठीत हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण इंग्रजीत ज्याला ‘बिलाँगिंग’ म्हणतात त्याला आपल्याकडे एकच एक शब्द नाही. आपुलकी ही मी दुसऱ्याविषयी बाळगतो. अस्मितेत अभिमान असतो आणि बहुधा एखादा प्रतिस्पर्धीही असतो. मुळे आणि नाळ हे शब्द उगमाकडे बोट दाखवतात. माणूस आज कुठे बसला आहे याविषयी ते काही सांगत नाहीत. ‘आपलेपणा’ हा त्यातला जवळचा शब्द, आणि आयोजकांनी तोच वापरला होता, पण रोजच्या बोलण्यात तोही आपुलकीकडे झुकतो.

मला त्या चर्चेत गावाकडचा एक प्रश्न आठवला. अनोळखी मुलगी गल्लीत दिसली की म्हातारी माणसे विचारतात, “तू कुणाची गं?” नाव काय, गाव कोणते हे नंतर. आधी षष्ठी. तू कोणाच्या तरी मालकीची, कोणाच्या तरी घरातली, कोणाच्या तरी हिशोबातली असणार, आणि ते कळले की तुझी जागा कळते. मी हे सहज बोललो होतो. पुढे हीच षष्ठी कथेच्या शीर्षकातून समोर येईल असे तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात नव्हते.

सैद्धांतिक आधारासाठी तिच्यासमोर दोन पर्याय होते. अवतार ब्राह यांनी ‘कार्टोग्राफीज ऑफ डायस्पोरा’ (१९९६) या पुस्तकात घराची ओढ आणि मायदेशी परतण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. परत जायचे नसतानाही माणसाला घर हवेसे वाटू शकते. नीरा युव्हाल-डेव्हिस यांनी २००६ सालच्या लेखात आपलेपणा आणि आपलेपणाचे राजकारण असा भेद केला. पहिल्यात माणसाचे सामाजिक स्थान, त्याची भावनिक गुंतवणूक आणि तो ज्या मूल्यांच्या आधारे स्वतःला व इतरांना जोखतो ती मूल्ये येतात. दुसऱ्यात कोण आत आणि कोण बाहेर ही रेघ कोण आखतो आणि कशी राखतो, हे येते. पहिल्या खर्ड्यात ही दोन्ही नावे होतीच, शिवाय आणखी तीन होती. तीनशे शब्दांत पाच विचारवंत आले की एकाचेही काम होत नाही. त्यातला एक निवडायचा, पण कथा नीट वाचून झाल्यावर, आधी नाही, असे आम्ही ठरवले.

दुसरा खर्डा : सुरी आणि विळी

दोन आठवड्यांनी ती दुसरा खर्डा घेऊन आली. आता एकच कथा होती, लाहिरी यांच्या संग्रहातली मिसेस सेन यांची. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एका समुद्राजवळच्या गावी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या सेन यांची पत्नी शाळा सुटल्यावर अकरा वर्षांच्या एलियटला सांभाळते. तिला गाडी चालवता येत नाही, नवरा शिकवतो आहे आणि ती शिकायला घाबरते आहे. कोलकात्याहून येणारे पत्र आणि अख्खा ताजा मासा या दोन गोष्टींनी तिला आनंद होतो. शेवटी एकदा माशासाठी ती परवाना नसताना एलियटला घेऊन स्वतः गाडी काढते आणि छोटासा अपघात होतो. इजा किरकोळ असते, पण एलियटचे तिच्याकडे येणे त्या दिवसापासून थांबते.

खर्ड्यात एक वाक्य होते : “मिसेस सेन सुरीने भाजी चिरताना कोलकात्याच्या आठवणीत रमते.” मी विचारले, सुरी कुठे आहे कथेत? मूळ मजकुरात इंग्रजीतला पात्याचा शब्द आहे, आणि ते पाते कसे आहे याचे वर्णन आहे : एका अरुंद लाकडी पाटाला एका टोकाशी बिजागरीने जोडलेले, जहाजाच्या पुढच्या टोकासारखे वर वळलेले. कुठल्याही मराठी घरात हे वर्णन वाचून दाखवले तर ऐकणारी बाई म्हणेल, ही तर विळी. बंगाली घरांतही तीच वस्तू वेगळ्या नावाने असते. ज्या मुलीच्या आजीने आयुष्यभर विळीवर भाजी चिरली तिने इंग्रजी कथा वाचताना मनात आपोआप सुरी आणली, याचे मला दुःख झाले आणि ते मी तिला बोलूनही दाखवले.

फरक केवळ शब्दाचा नाही. सुरी हातात धरतात आणि भाजी ओट्यावर स्थिर असते. चिरणारा माणूस उभा असतो. विळी जमिनीवर स्थिर असते, तिचा पाट पायाखाली दाबलेला असतो आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर फिरवली जाते. म्हणजे विळीला जमीन लागते. विळीवर काम करायचे तर बसावे लागते, आणि बसायचे तर आजूबाजूला थोडी जागा आपली करावी लागते. मराठीत म्हणूनच आपण “विळी मांडली”, “विळी घेऊन बसली” असे म्हणतो. सुरीच्या बाबतीत मांडण्याचा प्रश्नच येत नाही. मिसेस सेन यांच्या घराला स्वयंपाकघर आहे, तरी त्या दिवाणखान्यात जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून तिथे विळी मांडतात, आणि चिरणे संपेपर्यंत एलियटने कोचावरच बसून राहायचे असते. काही वेळापुरती त्या परक्या घरात एक सीमा आखली जाते. तिच्या आत मिसेस सेन आणि बाहेर अमेरिकन मुलगा.

या सीमेच्या आत बसूनच त्या एलियटला सांगतात की त्यांच्या घरी लग्नकार्य निघाले की आई शेजारपाजारच्या बायकांना निरोप धाडते, सगळ्या आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर मोठ्या वर्तुळात बसतात आणि रात्रभर हसत-बोलत पन्नास किलो भाजी चिरतात. पहिल्या वाचनात विद्यार्थिनीला या परिच्छेदात केवळ आठवण दिसली होती. दुसऱ्यांदा वाचताना तिने स्वतःच दाखवून दिले की त्या वर्तुळातला एक तुकडा मिसेस सेन यांनी त्या वर्तमानपत्रावर आणून ठेवला आहे, बाकीच्या बायका मात्र आलेल्या नाहीत.

आणि मग तिला ते वाक्य सापडले ज्याने सगळा गोषवारा बदलला. एलियटची आई संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी त्याला न्यायला येते. त्याआधी मिसेस सेन विळी घासून, धुऊन, कोरडी करून, मिटवून, शिडीवर चढून कपाटात वर ठेवतात. साली आणि बियांसकट वर्तमानपत्रे चुरगाळून टाकली जातात आणि या कामात एलियट त्यांना मदत करतो. रोज. दार उघडण्याच्या वेळी तिथे काही चिरले गेल्याची खूणसुद्धा उरलेली नसते. म्हणजे ज्या जागेला आपण त्या बाईचे घर म्हणू शकलो असतो ती जागा रोज दुपारी तयार होते आणि रोज सहा वीसच्या आत मोडली जाते.

आता सैद्धांतिक निवड अवघड राहिली नाही. ब्राह यांचा भेद येथे सहज लागू होत नाही, कारण ‘घर’ म्हणताना मिसेस सेन यांना भारत अभिप्रेत असतो, हे एलियटलाही कळलेले आहे; ओढ आणि मायदेश येथे एकमेकांपासून सुटत नाहीत. युव्हाल-डेव्हिस यांचा भेद मात्र कथेतच दोन ठिकाणी विभागलेला सापडतो. वर्तमानपत्रावरची जागा हा आपलेपणा. आणि मासे घेऊन परतताना बसचा चालक पिशवीत काय आहे म्हणून विचारतो, इतर प्रवाशांना वासाचा त्रास होतो आहे असे सुचवून खिडकी उघडायला सांगतो, ते आपलेपणाचे राजकारण. गाडीचा परवाना हाही त्याचाच भाग. कोणी मिसेस सेन यांना हाकलत नाही, कोणी वाईट शब्द बोलत नाही. फक्त आत कोण आणि बाहेर कोण हे खिडकी उघडण्याच्या सूचनेतून ठरते.

दुसऱ्या खर्ड्यात अजून एक अडचण होती, आणि ती डायस्पोरा कथेवरच्या बहुतेक निबंधांत आढळते. “मिसेस सेन यांच्या अंतर्मनातील वेदना”, “त्यांना वाटणारी पोकळी” अशी वाक्ये होती. ही कथा तृतीयपुरुषी असली तरी दृष्टिबिंदू सर्वस्वी एलियटचा आहे. मिसेस सेन यांच्या मनात कथा एकदाही शिरत नाही. मुलाला जे दिसते, जे ऐकू येते आणि जे तो आपल्या वयाने समजून घेतो तेवढेच वाचकाला मिळते. त्यांच्या मनाविषयी विधान करायचे तर त्याला आधार काय, असा प्रश्न कोणीही विचारला असता आणि उत्तर देता आले नसते. ही मर्यादा गोषवाऱ्यात लपवण्याऐवजी ती पद्धत म्हणून लिहावी असे मी सुचवले. त्यातूनच “कथाच का, कादंबरी का नाही” या प्रश्नाचेही उत्तर निघाले. फ्रँक ओकॉनर यांनी ‘द लोन्ली व्हॉइस’ (१९६३) या पुस्तकात कथेचे नाते समाजाच्या कडेला, दबून राहिलेल्या माणसांशी जोडले आहे. ते ठीकच आहे, पण ते कोणत्याही कथेला लावता येते आणि पुन्हा आपण हात ठेवून झाकण्याच्या परीक्षेत नापास होतो. येथे अधिक नेमके असे म्हणता येते की मुलाच्या मोजक्या दुपारींपुरती मर्यादित राहिलेली नजर कथेच्या आकारातच निभावते. कादंबरीला कधी ना कधी मिसेस सेन यांचे मन किंवा त्यांचे कोलकाता उघडावे लागले असते.

शीर्षकातली षष्ठी

आतापर्यंत दोन्ही खर्ड्यांत कथेचे नाव ‘मिसेस सेन’ असे लिहिलेले होते. मूळ नाव ‘मिसेस सेन्स’ असे आहे. इंग्रजीत ‘सेन’नंतर ॲपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’. देवनागरीत लिहिताना ते चिन्ह उतरत नाही आणि ‘सेन्स’ हे विचित्र दिसते म्हणून तिने ते गाळले होते. मी केवळ शुद्धलेखनाची दुरुस्ती म्हणून त्यावर खूण केली. दुसऱ्या दिवशी ती आली ती हाच कागद घेऊन. “सर, ही षष्ठी आहे, पण पुढचे नाम नाही. मिसेस सेन यांचे काय?”

इंग्रजीत अशा रूपाचा रोजचा अर्थ ‘अमक्याच्या घरी’ असा होतो. मूल सांगते, मी शाळेनंतर मिसेस सेन यांच्याकडे जातो. मराठीत ते ‘कडे’ या शब्दयोगी अव्ययाने होते आणि तिथेही घर हा शब्द उच्चारला जात नाही. म्हणजे शीर्षकात घर अभिप्रेत आहे आणि तेच गाळलेले आहे. शिवाय ‘मिसेस सेन’ हे नावच मुळात नवऱ्याच्या नावावरून आलेले. कथेत तिला स्वतःचे नाव मिळत नाही. ती सेन यांची, आणि जे तिचे म्हणायचे ते कोरे. “तू कुणाची गं” या प्रश्नाचे उत्तर अर्धेच देऊन शीर्षक थांबते. हे निरीक्षण तिचे आहे, माझे नाही, आणि ते इंग्रजी वाचनातून जितके आले तितकेच मराठी व्याकरणातून आले, म्हणून मी त्याला फार मानतो.

तिसरा खर्डा

पाठवलेला गोषवारा पुढीलप्रमाणे होता.

> *वर्तमानपत्राएवढी जागा : झुंपा लाहिरी यांच्या ‘मिसेस सेन्स’ या कथेतील आपलेपणाची मांडामांड*
>
> झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलेडीज’ (१९९९) या संग्रहातील ‘मिसेस सेन्स’ ही कथा मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या स्त्रीची कथा म्हणून वाचता येते. ‘घर’ म्हणताना मिसेस सेन यांना भारत अभिप्रेत असतो, ही गोष्ट या वाचनाला बळ देते. परंतु आठवणीइतकीच एक कृतीही कथेत वारंवार येते : दुपारी दिवाणखान्याच्या जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून विळी मांडणे आणि अकरा वर्षांच्या एलियटची आई सहा वीसला येण्यापूर्वी त्याचा मागमूस पुसून टाकणे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की या कथेत आपलेपणा ही जपून ठेवलेली भावना नसून रोज मांडावी आणि रोज मोडावी लागणारी जागा आहे, आणि ती इतरांच्या नजरेमुळे मोडावी लागते.
>
> त्यासाठी नीरा युव्हाल-डेव्हिस (२००६) यांनी केलेला आपलेपणा आणि आपलेपणाचे राजकारण हा भेद वापरला आहे. त्याआधारे तीन प्रसंगांचे सूक्ष्म वाचन केले जाईल : विळीवर भाजी चिरण्याचा, बसमधून मासे आणण्याचा आणि अपघातानंतर चिरलेली भाजी टाकून देण्याचा. कथेचे शीर्षक षष्ठीत आहे, पण त्यापुढचे नाम गाळलेले आहे. मराठीत ते ‘मिसेस सेन यांच्याकडे’ असे होईल. हे गाळलेले नाम आणि मांडली-मोडली जाणारी जागा यांचा संबंध निबंधात तपासला आहे.
>
> कथा एलियटच्या दृष्टिबिंदूतून सांगितलेली असल्यामुळे मिसेस सेन यांच्या मनाविषयी विधान न करता, मुलाला जे दिसते आणि ऐकू येते त्यावरच निबंध आधारलेला आहे. हा मर्यादित दृष्टिबिंदू अखेरपर्यंत टिकणे कथेच्या आटोपशीर आकारामुळे शक्य होते, असेही येथे सुचवले आहे. निष्कर्ष एका कथेपुरते आणि नोकरीनिमित्त स्थलांतरित झालेल्या प्राध्यापकाच्या पत्नीच्या अनुभवापुरते मर्यादित आहेत.
>
> बीजशब्द : डायस्पोरा कथा, आपलेपणा, दृष्टिबिंदू, घरगुती वस्तू, झुंपा लाहिरी

शेवटच्या मर्यादेच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. तिला वाटत होते की आपणच आपली बाजू लहान करून का दाखवावी. पण विमानाने अमेरिकेत आलेल्या प्राध्यापकाच्या पत्नीची विळी आणि आखातात मजूर म्हणून गेलेल्या माणसाची पत्र्याची पेटी या दोन गोष्टी एका निष्कर्षात बसवता येत नाहीत. युव्हाल-डेव्हिस स्वतःच सामाजिक स्थान हा आपलेपणाचा पहिला स्तर मानतात. त्यांचा आधार घेऊन वर्ग विसरणे हे त्यांच्याच मांडणीशी विसंगत झाले असते.

गोषवारा स्वीकारला गेला. एका परीक्षकाने विचारले होते की एका कथेवरून इतके म्हणता येईल का, आणि त्याचे उत्तर गोषवाऱ्यातच असल्यामुळे तिला वेगळा खुलासा करावा लागला नाही. दुसऱ्या परीक्षकाची सूचना अधिक कामाची होती : तिसऱ्या प्रसंगाला अधिक वेळ द्यावा. अपघातानंतर मिसेस सेन जमिनीवर तशीच पडलेली विळी उचलून ठेवतात आणि चिरलेली भाजी वर्तमानपत्रांसकट टाकून देतात. रोजची आवराआवर आणि ही आवराआवर यांत हालचाली जवळपास त्याच आहेत, पण आज त्यातून जेवण होणार नाही आणि उद्या पुन्हा मांडामांड होणार नाही. निबंधात या एका परिच्छेदाला तिने चार मिनिटे दिली.

वाचनानंतर एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने विचारले, “तुम्ही मिसेस सेन यांच्याविषयी बोललात. कथा ज्याच्या डोळ्यांनी दिसते त्या मुलाचे काय?” एलियटच्या गळ्यात कथेच्या शेवटी दोऱ्याला बांधलेली किल्ली येते. आता तो शाळेतून स्वतःच्या घरी जाईल, दार उघडेल आणि आई येईपर्यंत एकटा राहील. आईचा फोन येतो तेव्हा तो खिडकीतून समुद्र पाहतो आणि आपण ठीक आहोत असे सांगतो. त्याने स्थलांतर केलेले नाही, त्याच्याकडे भाषा आहे, घर आहे, किल्लीसुद्धा आहे. तरीही रोज दुपारी ज्या वर्तमानपत्राच्या कडेला तो बसत असे ती कड त्याच्यासाठी नाहीशी झालेली आहे. विद्यार्थिनीने व्यासपीठावर प्रामाणिकपणे सांगितले की याचे उत्तर तिच्या निबंधात नाही. पूर्ण निबंध छापण्यासाठी पाठवायला तिच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. त्यात एलियटवर दोन पाने वाढवायची आणि त्यासाठी बसमधल्या प्रसंगाचे विवेचन कमी करायचे, की युव्हाल-डेव्हिस यांच्यावरचा परिच्छेद आखूड करायचा, एवढे आता ठरायचे आहे. काल तिने पाठवलेल्या मजकुरात पहिला पर्याय होता. मी बसचा प्रसंग तसाच ठेवायला सांगितले आहे, कारण आपलेपणाचे राजकारण कथेत उघडपणे बोलते ते त्या एकाच ठिकाणी.